हँगर लेनला ट्यूबमधून उतरल्यावर

लंडनमध्ये आल्पर्टन किंवा वेंब्लीकडे घर घेतलेल्या मंडळींना ट्यूबच्या सेंट्रल लाइनचं हँगर लेन स्टेशन कधी ना कधी लागतंच. ए४० आणि नॉर्थ सर्क्युलर हे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना मिळतात आणि हे स्टेशन त्या अवाढव्य चौकाच्या ऐन मध्यात आहे. चारही बाजूंनी गाड्यांचा वेढा. त्यामुळे बाहेर पडायचं ते भुयारी मार्गानेच, आणि कोणत्या बाजूला निघायचं हे तिकिटाच्या गेटापाशीच ठरवायचं.

गंमत अशी की चौकाच्या उत्तरेला आल्पर्टनकडे जाणारा रस्ताही हँगर लेन आणि दक्षिणेला ईलिंग कॉमनकडे जाणाराही हँगर लेनच. म्हणून पाटीवर नुसतं ‘हँगर लेन’ वाचून वळू नका. स्टेशनात परिसराचा नकाशा आणि बसचा तक्ता लावलेला असतो. त्यात आपल्या बसपुढे थांब्याचं अक्षर दिलेलं असतं, ते लक्षात ठेवा. वर आल्यावर थांब्याच्या खांबावर तेच अक्षर दिसायला हवं. फोनवरचा निळा ठिपका खाली भुयारात भरकटतो आणि वर आल्यावरही थोडा वेळ उलटसुलट फिरतो. त्याच्या भरवशावर जिना निवडू नका.

समजा, ४८३ ने आल्पर्टनला जायचंय. ही बस ईलिंगकडेही जाते आणि हॅरोकडेही, म्हणून नंबर बरोबर असला तरी दिशा चुकू शकते. तुम्हाला उत्तरेचा रस्ता हवा. त्या बाजूला आलात याची खूण म्हणजे फॉक्स अँड गूज हा पब. आता चौकाकडे पाठ करून उभे राहा. वाहनं आपल्याकडच्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे चौकापासून दूर जाणारी बस तुमच्या डाव्या हाताच्या फुटपाथला थांबेल. उजव्या हाताला थांबते ती ईलिंगकडे जाणारी. तरीही चढण्याआधी बसच्या कपाळावर हॅरो लिहिलंय ना, बघून घ्या.

भलत्याच बाजूला निघालात तर समोरचा फुटपाथ कितीही जवळ दिसला तरी गाड्यांमधून पलीकडे जायचं धाडस करू नका. इथे पुण्यातल्यासारखं हात दाखवून कोणी थांबत नाही! मुकाट्याने परत खाली उतरा आणि दुसरा बोगदा धरा. रात्री उशीर झाला तर ट्यूबमधून उतरलेल्या माणसांबरोबरच भुयारात शिरा. गर्दी पांगली की तिथे फारसं कोणी नसतं.

विमानतळावरून दोन मोठ्या बॅगा घेऊन येत असाल, तर मात्र या स्टेशनाच्या वाटेलाच जाऊ नका. इथे जिने चढावे-उतरावे लागतात. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने ईलिंग ब्रॉडवेला या, तिथे लिफ्ट आहे. तिथूनच हॅरोची ४८३ पकडा. ती हाच चौक ओलांडून आल्पर्टनला जाते. तुम्ही खिडकीतून बघा फक्त.