दूर राहणाऱ्या माणसाशी सिग्नलचा सेफ्टी नंबर कसा पडताळायचा

समजा सिग्नल या मेसेजिंग ॲपवर तुम्ही भावाशी बोलणं सुरू केलं. त्याला जाणारे मेसेज कुलूपबंद करायची त्याची सार्वजनिक किल्ली तुमच्या फोनला सिग्नलचा सर्व्हर देतो. आता त्या सर्व्हरवर कुणी ताबा मिळवला आणि भावाच्या किल्लीऐवजी स्वतःची किल्ली पुढे केली, भावालाही तुमच्या नावाने तशीच दुसरी दिली, तर दोघांचे मेसेज त्याच्याकडे उघडतात. तो ते वाचतो, पुन्हा कुलूपबंद करून पुढे पाठवतो. चॅट नेहमीसारखंच दिसतं. ही अदलाबदल पकडायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सेफ्टी नंबर.

हा नंबर ६० अंकी असतो, पाच-पाच अंकांचे १२ गट. त्यातले ३० अंक तुमच्या किल्लीवरून निघतात आणि ३० समोरच्याच्या. दोन्ही अर्ध्यांचा क्रम ठरलेला असल्यामुळे दोन्ही फोनवर अगदी तोच नंबर दिसायला हवा. मध्ये कुणी असेल तर तुमच्या पडद्यावर तुमचे खरे अंक आणि भावाचे खोटे असतील, त्याच्या पडद्यावर बरोबर उलटं.

नंबर उघडायचा कसा: चॅट उघडा, वरच्या नावावर टॅप करा, खाली `View safety number`. व्हॉट्सॲपवर हीच गोष्ट संपर्काच्या माहितीत `Encryption` या नावाखाली असते.

माणूस समोर असेल तर काम मिनिटभराचं आहे. एकाने दुसऱ्याच्या पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, हिरवी खूण आली की झालं. दोन्ही किल्ल्यांचे अंक त्यातच असतात, त्यामुळे एकाने स्कॅन केलं तरी पुरतं.

खरी अडचण माणूस दूर असला की येते. तुम्ही पुण्यात, भाऊ टोरंटोत. इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आहे, आणि इथेच सर्वाधिक चुकीचे सल्ले मिळतात.

पहिला चुकीचा सल्ला: "स्क्रीनशॉट काढून त्याला त्याच चॅटवर पाठव." हे करू नका. ज्या वाटेवर कुणी बसला आहे का हे तपासायचंय, त्याच वाटेवरून पुरावा पाठवून काय उपयोग? मेसेजमध्ये साठ अंक दिसले की ते बदलून पुढे पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहिणं अवघड नाही. चित्रही बदलता येतं. तुम्ही दोघं "जुळला, जुळला" म्हणाल आणि तो तिथेच राहील.

दुसरा: "साध्या फोनवर विचारून घे." हा अर्धवट बरोबर आहे. भावाचा फोन नंबर कुणी दुसऱ्या सिमकार्डावर वळवून त्यावर सिग्नल सुरू केलं असेल, तर त्या नंबरचा फोनही आणि एसएमएसही त्याच माणसाकडे जातील. फोन उचलणारा शांतपणे स्वतःच्या पडद्यावरचे अंक वाचून दाखवेल आणि ते तुमच्याशी जुळतीलही, कारण सिग्नलवर तुम्ही त्याच्याशीच बोलत असाल. म्हणून नंबर जुळणं पुरेसं नाही, बोलणारा कोण याचीही खात्री हवी. दुसऱ्या ॲपवर व्हिडिओ कॉल लावा, किंवा वहिनीच्या फोनवर करून त्याला द्यायला सांगा. चेहरा आणि आवाज दोन्ही ओळखीचे हवेत. हल्ली आवाजाची नक्कल सहज होते, तेव्हा नुसत्या आवाजावर मी विसंबत नाही. घरातलं असं काहीतरी विचारा जे दोघांनी कधीच चॅटमध्ये लिहिलेलं नाही.

सिग्नलचाच व्हिडिओ कॉल चालेल का? माणूस नीट ओळखीचा असेल तर चालतो. मधल्याला तुमचं बोलणं ऐकू येईल, पण चालू बोलण्यातले अंक त्याच आवाजात, त्याच ओठांच्या हालचालीत बदलणं ही फार वेगळी गोष्ट आहे. तरीही दुसरा मार्ग हाताशी असेल तर तोच घ्या.

तिसरा सल्ला सगळ्यात जास्त चालतो: "पहिले पाच आणि शेवटचे पाच अंक बघ, बास." नाही. पाच अंक जुळवायला सरासरी एक लाख खोट्या किल्ल्या बनवून बघाव्या लागतात. साधा संगणक तेवढं काही मिनिटांत करतो. मग पडद्यांवरच्या पहिल्या ओळी अशा दिसू शकतात (अंक नमुन्याचे आहेत):

```
भाऊ : 04417 68203 91556 27730
मी  : 04417 90128 33604 75219
```

पहिला गट ऐकून फोन ठेवला असता तर काहीच कळलं नसतं. पूर्ण ६० अंक वाचा. तीन ओळी आहेत, त्याला दोन मिनिटं पुरतात.

वाचायचीही पद्धत ठरवून घ्या. एकानेच सगळं वाचलं तर दुसरा न बघता "हो, हो" म्हणत राहतो. म्हणून पहिली ओळ तुम्ही वाचा, दुसरी त्याला वाचू द्या, तिसरी पुन्हा तुम्ही. प्रत्येक अंक सुटा बोला. "अडुसष्ट" म्हटलं की ऐकणारा आधी सहा की आठ याचा विचार करत बसतो, आणि परदेशात वाढलेल्या पुतण्याला तर ते कळतच नाही. मराठी की इंग्रजी हेही आधी ठरवा. तुटक लाइनवर मराठीतले सहा आणि सात एकसारखे ऐकू येतात, इंग्रजीतले फाइव्ह आणि नाइन. शंका आली तर तो गट परत म्हणायला लावा.

जुळला तर दोघांनी आपापल्या फोनवर `Mark as verified` दाबा. जुळला नाही तर आधी बघा की दोघांनी एकमेकांचंच चॅट उघडलंय ना. भावाचे दोन फोन नंबर असतील तर बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो. तरीही फरक राहिला, तर दोन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेवा आणि त्या चॅटवर नाजूक काही लिहू नका. ॲप काढून पुन्हा टाकू नका. त्याने किल्ली नवी होते, नंबर बदलतो आणि काय घडलं होतं याचा मागच पुसला जातो.

पुढे कधीतरी चॅटमध्ये सेफ्टी नंबर बदलल्याची ओळ येईल. बहुतेकदा कारण साधं असतं: नवा फोन किंवा ॲप पुन्हा टाकणं. पण दरवेळी तसंच असतं असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नलसाठी एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली. सुमारे १,९०० जणांचे नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवता येतील अशी स्थिती काही काळ होती, आणि निदान एका खात्याबाबत ते प्रत्यक्ष घडलं. अशा वेळी त्या माणसाच्या ओळखीच्यांना दिसणारी खूण हीच ओळ असते. ती आली की वेगळ्या मार्गाने विचारा, "फोन बदललास का?" आणि पडताळणी नव्याने करा. व्हॉट्सॲपवर ही सूचना दिसावी म्हणून खात्याच्या सेटिंगमधलं `Security notifications` सुरू आहे का ते बघून घ्या.

एक गोष्ट हा नंबर पकडत नाही. कुणी फसवून तुमच्या खात्याला स्वतःचा संगणक जोडला, तर सिग्नलमध्ये जोडलेली उपकरणं तीच ओळख-किल्ली वापरतात, त्यामुळे नंबर जसाच्या तसा राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी रशियाशी संबंधित गटांची हीच युक्ती उघड केली: सिग्नलवरच्या ग्रुपचं आमंत्रण म्हणून दिलेला क्यूआर कोड प्रत्यक्षात उपकरण जोडणारा होता. म्हणून भावाशी फोनवर आहातच तर दोघांनी सेटिंगमधली `Linked devices` ही यादी उघडा, आणि ओळखीचं नसलेलं उपकरण लगेच काढून टाका.