धुक्यातला पहाटेचा वॉक: कपड्यांच्या आणि बुटांच्या या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत डिचोली, साखळी, वाळपई भागात पहाटे धुकं उतरतं, तेव्हाही गोव्यातली थंडी तशी सोसवणारीच असते. खरी अडचण असते ती काळोखाची आणि ओलाव्याची. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात आणि आपण सहालाच रस्त्यावर असतो. तरी आपली सगळी तयारी थंडीचीच असते: कानटोपी, स्वेटर, वरून शाल. पन्नाशीतल्या मंडळींचं नेमकं इथेच चुकतं.

सुरुवात बुटांपासून करू, कारण इथला घोटाळा घरातच तयार होतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेले, चार वेळाच घातलेले बूट खोक्यातून निघतात. दिसायला कोरे करकरीत. तिसऱ्या दिवशी चालता चालता टाच मोकळी होते आणि आतून ओलसर भुसा गळतो. दुकानदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. काही बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे असतात आणि हवेतल्या दमटपणाने ते आतल्या आत विरत जातात. आपल्याकडचे पावसाळे, त्यात प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून कपाटात ठेवलेले बूट, म्हणजे त्याला पूर्ण मोकळीक. गंमत म्हणजे रोज वापरातले बूट त्या मानाने बरे टिकतात.

म्हणून पहिल्या दिवशी निघण्याआधी सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून बघा. खळगा पडून तसाच राहिला, बोटाला चिकट लागलं किंवा पीठ निघालं, तर ते बूट बाद. मग बूट चवड्यापाशी वाकवा. कडेला बारीक भेगा उघडल्या तरी तेच. चांभाराकडून चिकटवून घेण्याचा उपयोग नाही, कारण गोंद धरायला खालचा थरच उरलेला नसतो. सोल शाबूत असेल तर खालची नक्षी बघा. टाचेची बाहेरची कड गुळगुळीत झाली असेल, तर दवाने ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या मोरीच्या कठड्यावर पाय सटकणारच. चपला घालून निघणाऱ्यांबद्दल वेगळं काय लिहायचं!

आता दिसण्याबद्दल. एक उदाहरण घेऊ. गृहस्थ गडद निळं जॅकेट घालतात. पाठीवर चंदेरी परावर्तक पट्टी आहे, म्हणून निर्धास्त. पण वरून बायकोने दिलेली तपकिरी शाल. पट्टी शालीखाली गडप! मागून स्कूटर ताशी ५० किलोमीटरने आली तर ती सेकंदाला १४ मीटर अंतर कापते. चालकाला माणूस ओळखून ब्रेक दाबायलाच सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे १४ ते २१ मीटर तिथेच संपले. ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर त्यापुढे. धुक्यात गडद कपड्यातला माणूस तेवढ्या अंतरावरून दिसेल याची खात्री नाही.

यावर बरेच जण फ्लोरोसंट पिवळा टी-शर्ट घेतात. तो रंग चमकतो दिवसाच्या उजेडात. काळोखात तो फक्त फिकट कपडा. पहाटे कामाला येते ती परावर्तक पट्टी, कारण ती हेडलाइटचा उजेड पुन्हा गाडीच्याच दिशेने पाठवते. तीही घोट्यांवर बांधा. डिपर खालीच पडतो, आणि वरखाली हलणारे दोन ठिपके पाहून चालकाला चटकन कळतं की कुणीतरी चालतंय.

घरच्याघरी तपासायचं तर पूर्ण पोशाख चढवून काळोखात तीस पावलांवर पाठमोरे उभे राहा. दुसऱ्याने टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून बघावं. टॉर्च कमरेजवळ धरला तर चांगली पट्टीही मंद दिसेल. आणि चालताना उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला.

कानटोपीचं माझं मत पक्कं आहे: नको. पोदेराच्या सायकलीचा भोंपूसुद्धा उशिरा ऐकू येतो, मग विजेवरची स्कूटर कुठून ऐकू येणार? मफलर नाकावर घेतला तर श्वास वर जाऊन चष्मा धुरकटतो. गळ्याभोवती गुंडाळला की पुरे.

अंगात जाड स्वेटर असेल तर दहा मिनिटांत घाम येतो. हवा आधीच दमट, म्हणून सुती बनियन सुकत नाही. मग चहाच्या गाड्यावर बसलं की पाठ गार पडते. त्याऐवजी घाम लवकर सुकणारा टी-शर्ट आणि वर चेन असलेलं पातळ, फिकट जॅकेट बरं. निघताना किंचित गार वाटलं तर कपडे बरोबर आहेत असं समजा.

गवतातून आलात तर जाळीचे बूट ओले होतातच. घरी आल्यावर आतला सुटा तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. तासाभराने बोळे बदला. कडक उन्हात नको, गोंद सुटतो.