जिमची नोकरी स्वीकारण्यापूर्वी पगाराचा प्रस्ताव कसा तपासावा

फिटनेस ट्रेनरला मिळणारा मोबदला दोन मुख्य प्रकारांत येतो. पहिल्यात ठरावीक पगार असतो आणि पर्सनल ट्रेनिंगच्या प्रत्येक सत्रावर कमिशन मिळते. दुसऱ्यात पगार नसतो. ट्रेनर जिमला दरमहा जागेचे भाडे देतो आणि ग्राहकाकडून येणारे सर्व शुल्क स्वतःकडे ठेवतो. दुसरा प्रस्ताव ऐकताना नेहमीच मोठा वाटतो, म्हणून आधी आकडेमोड करावी.

समजा, एका सत्राचे शुल्क १०० आहे; चलन कोणतेही असो. पहिली जिम ३००० पगार आणि प्रत्येक सत्रामागे ४० देते, तर दुसरी २५०० भाडे घेते आणि पूर्ण १०० ट्रेनरकडे राहू देते. महिन्याला ५० सत्रे झाली, तर पहिल्या जिममध्ये ५००० मिळतात आणि दुसरीत २५००. दोन्ही प्रस्ताव ९२ सत्रांच्या आसपास बरोबरीला येतात, म्हणजे महिन्यातील २६ कामाच्या दिवसांत रोज साडेतीन सत्रे. आता त्या ९२ पैकी ९ सत्रे ग्राहकांच्या आजारपणाने किंवा प्रवासाने बुडाली, असे धरून पाहा: पहिल्या जिममध्ये ६३२० हाती येतात, दुसरीत ५८००, कारण भाडे कमी होत नाही. स्वतःचे ग्राहक नसलेल्या नव्या ट्रेनरने भाड्याचा करार घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. नियमित येणारे ग्राहक शंभरीच्या पुढे सत्रे देऊ लागले की मात्र तोच करार फायद्याचा ठरतो.

यानंतर उत्पन्नाला तासांनी भागावे, आणि तास मोजताना फसू नये. जिमची गर्दी सकाळी आणि संध्याकाळी असते, त्यामुळे शिफ्ट बहुधा दोन तुकड्यांत येते. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ अशी शिफ्ट कागदावर ८ तासांची दिसते, परंतु ती दिवसाचे १५ तास अडवते. मधल्या वेळेत घरी जाणे शक्य नसेल, तर तो वेळही हिशेबात धरणे योग्य. पर्सनल ट्रेनिंगची सत्रे शिफ्टच्या आत घेता येतात की शिफ्ट संपल्यावरच, हे स्पष्ट विचारावे. शिफ्टमध्ये ट्रेनरला फ्लोअरवरच उभे राहावे लागत असेल, तर सत्रे जादा तासांत जातात आणि वरचे कमिशन प्रत्यक्षात स्वस्त श्रम ठरते.

मुलाखतीत कमिशनचा टक्का सगळेच विचारतात. तो कशावर मोजला जातो, हे फारसे कोणी विचारत नाही, आणि वाद तिथेच होतात. व्यवस्थापनाने पॅकेजवर सवलत दिली, तर कमिशन मूळ दरावर मिळणार की सवलतीच्या? पैसे पॅकेज विकल्यावर मिळतात की सत्र झाल्यावर? ऐनवेळी रद्द झालेल्या सत्राचे पैसे मिळतात का? नोकरी सोडताना उरलेल्या सत्रांचे काय होते? विक्रीवर कमिशन देणारी जिम चांगली वाटते, पण ग्राहकाने पैसे परत मागितले की ते कमिशन पुढच्या पगारातून कापले जाऊ शकते. ही सर्व उत्तरे करारात लिहून घ्यावीत, कारण तोंडी आश्वासन देणारा व्यवस्थापकच वर्षभरात बदललेला असू शकतो. नोकरी सोडल्यावर जवळपास काम करण्यास मनाई करणारे कलम असल्यास त्याचे अंतर आणि मुदत वाचावी. ते किती लागू पडते हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते.

कागद पाहून झाल्यावर संध्याकाळच्या गर्दीत एक तास जिममध्ये बसावे. किती ट्रेनर प्रत्यक्ष सत्र घेत आहेत आणि किती मोकळे उभे आहेत, एवढे मोजले तरी नव्या माणसाला किती ग्राहक मिळतील याचा अंदाज येतो. तिथल्या ट्रेनरला पगार वेळेवर होतो का आणि नवे ग्राहक कोणाला वाटून दिले जातात, हे एकांतात विचारावे. सर्व नवे ग्राहक एकाच ज्येष्ठ ट्रेनरकडे जात असतील, तर मुलाखतीत सांगितलेले कमिशन कागदावरच राहील.

क्रीडा अकादमीत प्रशिक्षकाला बहुधा बॅचनुसार किंवा ठरावीक मानधन मिळते. तेथे एका बॅचमध्ये किती मुले असतील आणि परीक्षांच्या किंवा सुट्टीच्या काळात बॅच बंद राहिल्यास मानधन चालू राहते का, हे दोन प्रश्न पुरेसे बोलके आहेत. स्पर्धांसाठी मुलांसोबत केलेल्या प्रवासाचे दिवस कामाचे धरले जातात का, तेही विचारावे.

बढतीबाबत 'मुख्य ट्रेनर' हे पद मिळेल, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. त्या पदावर वेळापत्रक आखणे, नव्या ट्रेनरना शिकवणे आणि विक्रीचे लक्ष्य गाठणे ही कामे वाढतात, त्यामुळे स्वतःची सत्रे घटतात. पगारातील वाढ त्या घटलेल्या कमिशनपेक्षा जास्त आहे का, हे वरच्याच पद्धतीने मोजून मग होकार द्यावा.