चारचौघांत अपमान झाल्यावर या चुका टाळा

आधी एक सांगून मोकळी होते. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं त्या रात्री व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवू नका. ‘वेळ सगळ्यांची येते’ वगैरे. तो साहेबांनाही दिसतो, ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चौकशा सुरू होतात. आमच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हे करतंच. मग माझ्याकडे येतं आणि म्हणतं, ‘ताई, दोन दिवस झाले, अजून बरं वाटत नाहीये.’ अरे, दोन दिवसांत सर्दी जात नाही!

मी अंधेरी पूर्वेला चकाल्याजवळ एका ऑफिसात बिलिंग बघते. आयात मालाचे कंटेनर न्हावा शेवाला उतरतात, ग्राहकाने तो रिकामा करून परत द्यायला ठरल्यापेक्षा उशीर केला की शिपिंग लाइन दिवसाप्रमाणे डिटेन्शन लावते, आणि ते बिल आमच्या हातून पुढे जातं. सुरुवातीचे काही दिवस फुकट मिळतात. ते किती, हे करारात असतं. माझी चूक तिथेच झाली. नव्या ग्राहकाचं बिल करताना मी जुन्या ग्राहकाची शीट कॉपी केली. त्यात फुकटचे दिवस १४ होते, नव्या करारात ७. चार कंटेनर, सात दिवसांचा फरक, दिवसाला ४,००० रुपये. बिल १,१२,००० रुपयांनी कमी गेलं.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये सरांनी ती शीट पडद्यावर लावली. खोलीत अकरा जण, शिवाय न्हावा शेवाची दोन मुलं फोनच्या स्पीकरवर. सर म्हणाले, ‘दहा वर्षं इथे बिलं करताय की भाजी विकताय?’ कोणीतरी हसलं. आणि मीही हसले. (भाजीवालीवर हा अन्यायच होता. आमच्या स्टेशनबाहेरची मावशी मेथीच्या जुडीचा हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवते.)

कान इतके गरम झाले की लोकांना लाल दिसत असतील असं वाटलं. पुढची पंधरा मिनिटं काय बोलणं झालं ते मला आजही आठवत नाही.

पहिली चूक: गावभर सांगत सुटणं

ही माझी लाडकी चूक, कारण मी ती अगदी मन लावून केली. मेट्रोत बसल्या बसल्या नवऱ्याला फोन. घाटकोपरला उतरून डोंबिवली लोकल पकडली, तर लेडीज डब्यातल्या आमच्या ग्रुपला सगळं साग्रसंगीत. घरी सासूबाईंना. जेवण झाल्यावर बहिणीला पाऊण तास. मग ‘साहेबांशिवाय’ नावाच्या ग्रुपवर, जो प्रत्येक ऑफिसात असतो. रात्री साडेअकरापर्यंत पाच वेळा सांगून झालं होतं आणि दर वेळी सरांचा आवाज थोडा चढत होता. पहिल्या वेळी ते नुसतं बोलले होते. पाचव्या वेळी ओरडले होते, टेबलावर हात आपटला होता आणि सगळे हसले होते. हात त्यांनी आपटला नव्हता. तो माझ्या गोष्टीत ठाण्याच्या आसपास कुठेतरी आला.

‘मन मोकळं केलं की हलकं वाटतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि एकदा सांगितल्याने वाटतंही. पण घोळवत राहिलं की उलटं होतं. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतला आणि त्यावर मुद्दाम अपमानास्पद शेरे दिले. मग काहींना शेरे देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगेला ठोसे मारायला लावलं, काहींना काहीच न करता शांत बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. माझा लेडीज डबा म्हणजे ती बॅगच होती.

आता माझी सवय अशी आहे की माणूस एकच निवडायचा. सांगायच्या आधी त्याला बजावायचं, ‘सल्ला नको, नुसतं ऐक.’ ऑफिसातला माणूस शक्यतो नको, कारण त्याला उद्या त्याच खोलीत बसायचं असतं. आणि एकदा सांगून झालं की त्या रात्री तो विषय पुन्हा नाही. बहिणीचा फोन आला तरी नाही.

कागदाचं काम

पाचव्यांदा सांगूनही झोप येईना, तेव्हा रात्री मुलीच्या वहीतलं मागचं पान फाडलं आणि मधे रेघ मारली. डावीकडे ‘माझं’, उजवीकडे ‘त्यांचं’. डावीकडे लिहिलं: जुनी शीट कॉपी केली, करार उघडून पाहिला नाही, पाठवायच्या आधी कोणाला दाखवली नाही. उजवीकडे: भाजीवालीची तुलना, अकरा जणांसमोर, दहा वर्षं काढली त्याचा टोमणा.

तोवर या दोन गोष्टींचा माझ्या डोक्यात काला झाला होता. चूक आठवली की अपमान आठवायचा, आणि अपमानाचा राग आला की ‘पण चूक तर माझीच होती ना’ म्हणून तोंड बंद व्हायचं. वेगळं मांडल्यावर दिसलं की डावी बाजू वीस मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शीटमध्ये करार क्रमांकाचा रकाना टाकला, तो भरल्याशिवाय मी बिल पुढे पाठवत नाही. फरकाचं बिलही काढलं. उजवी बाजू माझ्या हातात नव्हती, मग ती मी निस्तरत बसायचं कारणही नव्हतं.

खाली आणखी दोन ओळी लिहिल्या, स्वतःलाच, पण मैत्रिणीला लिहिल्यासारख्या: ‘अगं, तू हसलीस म्हणजे तुला चाललं असं नाही. घाबरलं की माणूस हसतो.’ मला सगळ्यात जास्त ते हसू बोचत होतं. ‘मी’ म्हणून लिहायला गेले असते तर पुन्हा तेच रडगाणं झालं असतं. ‘अगं’ म्हटल्यावर जरा लांबून दिसलं. ईथन क्रॉस नावाच्या संशोधकाने नेमकं यावर काम केलंय: स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव वापरलं की माणूस कमी तापतो. मला हे नंतर कळलं. पण लिहून झाल्या झाल्या हलकं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. बरेचदा त्या क्षणी जास्तच वाईट वाटतं. कागद मिटून झोपायचं.

तोच कागद तारीख आणि हजर असलेल्यांची नावं घालून जपून ठेवा. पुन्हा झालं तर कामाला येतो.

रात्रीची मेल

लिहा हवी तर. पण ‘टू’चा रकाना रिकामा ठेवा. एवढंच.

सगळ्यात महाग चूक: तोंड लपवणं

आमच्याकडे बदलापूरचा एक मुलगा होता, पहिलीच नोकरी, सहा महिने झालेले. त्याला भर फ्लोअरवर ऐकवलं गेलं, ‘तुला ठेवलं कोणी?’ दुसऱ्या दिवशी त्याने तब्येतीची रजा टाकली. मग तिसऱ्या दिवशीही. परत आला तो डबा एकऐवजी अडीचला खायला लागला, पँट्री रिकामी असते म्हणून. मग लोकलची वेळ बदलली, टीममधलं कोणी भेटू नये म्हणून. महिन्याच्या मीटिंगला ‘नेटवर्क नाही’ म्हणून घरूनच. मी विचारलं तर म्हणे, ‘जरा शांत होऊ दे, मग येतो.’ शांत होतच नव्हतं. उलट सुरुवातीला त्याला फक्त सरांची भीती होती, महिन्याभरात पँट्रीची आणि लिफ्टचीही वाटायला लागली. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि तेच सुटणं मनाला शिकवतं की तिथे खरंच धोका होता. चौथ्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. नोकरी सोडणं चूक नव्हे, पण त्याने ती पँट्रीला घाबरून सोडली.

त्याला वाटायचं सगळे त्याच्याकडेच बघतात. मलाही वाटायचं. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका अभ्यासात, तो २००० साली छापून आला, विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. घालायला लाज वाटेल असाच तो होता. त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल. आलं होतं साधारण चौथ्या भागाच्या. माझ्या मीटिंगबद्दल मी बऱ्याच महिन्यांनी बाजूच्या टेबलवरच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘हां, सर चिडले होते. त्याच दिवशी एसी बंद पडला होता ना?’ एसी बंद पडल्याचं मला मुळीच आठवत नाही.

म्हणून मी हे करते आणि करायला लावते: दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर जायचं. चहाचा कप घेऊन त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसायचं. पहिली पाच मिनिटं पोटात ढवळतं, मग चहा संपेपर्यंत कमी होतं. ते कमी होईपर्यंत उठायचं नाही, अर्ध्यात उठलात तर टाळल्यासारखंच झालं. डबा नेहमीच्या वेळी, नेहमीच्या माणसांत. आणि दुपारच्या आत त्याच साहेबांना कामाचा एक साधा प्रश्न, ‘सर, हे बिल आज सोडू का?’ एवढाच. बोलणं पुन्हा कामावर येतं.

आठवडा-पंधरवडा असंच चालतं, मधेच एखाद्या दिवशी सगळं उसळून येतं, तेही धरून चाला. पण दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर माझ्यासारख्या ताईच्या सल्ल्यावर राहू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच क्षणी फोन.

आणि अपमान जातीवरून किंवा बाई म्हणून झाला असेल तर चहा-खुर्ची बाजूला ठेवा. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे, कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ पासून, आणि दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अशा छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिथे तो कागद घेऊन जा.

माफीची वाट बघणं

नका बघू. साहेब लोक माफी मागत नाहीत, ते तुम्हाला चहा विचारतात.

बोलायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, एकटे असताना, दोन वाक्यांत. मी शुक्रवारी केबिनमध्ये गेले. उभ्या उभ्या म्हटलं, ‘सर, दिवस मीच चुकीचे धरले होते, शीट दुरुस्त केलीये. पण पुढच्या वेळी चूक दाखवायची असेल तर इथे बोलवा, सगळ्यांसमोर झालं की मला पुढचं काही ऐकूच येत नाही.’ पाय लटपटत होते. सर ‘बरं’ म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले.

दोन महिन्यांनी माझं आणखी एक बिल चुकलं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, उठून दार लावलं, आणि मग ओरडले.