स्कूलबसच्या डिझेलमध्ये पाणी: पंपमालकाला पत्रात काय मागायचं

लक्षण असं: बस चढावर दम टाकते, डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागतो, वॉटर सेपरेटर सोडला की डिझेलखाली पाण्याचा थर दिसतो. फिल्टर दोनदा बदलला, टाकी धुतली. त्याच पंपावर भरलं की पुन्हा तेच. काउंटरवरची वादावादी फुकट गेली.

काम झालं ते पत्रानं. आधी बिलावरून तारीख, वेळ आणि नोझल क्रमांक काढला, सेपरेटरचं पाणी काचेच्या बाटलीत ठेवलं. मग हा मजकूर दिला:

"महोदय, सोबतच्या बिलाप्रमाणे भरलेल्या डिझेलात पाणी आढळले. त्या दिवशीची घनता नोंदवही, वॉटर पेस्टने घेतलेली पंपाच्या टाकीची नोंद व आधीच्या टँकरचे चलन दाखवावे. प्रत कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांना दिली आहे."

चलनावरची आणि पंपावरची घनता १५ अंश सेल्सिअसला आणून ताडायची. फरक ३ किलो प्रति घनमीटरच्या आत हवा. इथे तो आतच होता. पण पाणी तळाशी बसतं, त्यामुळे घनतेत ते सापडेलच असं नाही. पेस्टची नोंद पावसानंतरच्या दिवशी कोरी होती. समोर पेस्ट लावलेली डिपस्टिक टाकीत घालायला लावली, पेस्टचा रंग बदलला, म्हणजे तळाशी पाणी होतं. त्याच संध्याकाळी पंपानं टाकी उपसली.