लग्नाच्या वाढदिवसाचा अल्बम करताय? आधी बघा फोटो कोणी काढलाय

मागच्या डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांच्यासाठी अल्बम आणि एक आठवणींचा डबा केला. सगळीकडून गोळा करून 412 फोटो जमले आणि पहिल्याच चाळणीत लक्षात आलं की लग्नाचा अल्बम सोडला तर दोघं एकत्र असलेले फोटो अवघे अकरा! म्हणजे चाळीस वर्षांत अकरा. त्यातले सात कुणाच्या ना कुणाच्या मुंजीत नाहीतर लग्नात, मागे मंडप, आणि दोघंही ताटकळून कंटाळलेले.

हे बहुतेक घरांत असंच असतं कारण कॅमेरा एकाच्या हातात असायचा, आमच्याकडे बाबांच्या, आणि मुलं झाल्यावर तर लेन्स आमच्याकडेच वळली. त्यामुळे "दोघांचे फोटो शोधू" म्हणून बसलात तर फक्त समारंभ हाती लागतात. आम्ही मग उलटं केलं, प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारला की हा काढला कोणी. आई ओट्याशी उभी आहे, वळून जरा वैतागून बघतेय, तर ती बाबांकडे बघतेय ना! तो दोघांचाच फोटो झाला. ही एक गोष्ट कळली आणि अल्बम सुटला. पण त्याआधीची कामं सांगते.

आधी गोळा करा, पण उपटू नका

स्वतःच्या घरातले अल्बम तर असतातच, पण खरा माल मामा, आत्या, जुने शेजारी यांच्याकडे असतो कारण तिथे कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या हातात होता. आमच्या अकरापैकी चार आत्याकडून आले. फोन करून "जुने फोटो आहेत का" असं मोघम विचारलं तर सगळे नाही म्हणतात, "1990 च्या मे महिन्यात आम्ही तुमच्याकडे आलो होतो तेव्हाचे" असं नेमकं विचारलं की माळ्यावरची पिशवी खाली येते. कुणी फोनवरून पाठवणार असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नुसता फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन येतो आणि छापल्यावर चेहरे मेणाचे दिसतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम, वर पारदर्शक कागद असलेले, ते सगळ्यात त्रासाचे. गोंद जुना होऊन फोटोला धरून बसतो आणि कोपऱ्याला नख लावून ओढलं की फोटो दुमडतो, एकदा दुमडला की ती पांढरी रेघ जात नाही. आधी अख्ख्या पानाचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवा म्हणजे क्रम हरवत नाही. मग दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या. हेअर ड्रायरने गरम करू नका, गोंद आणखी पसरतो. तीनचार मिनिटांत सुटला नाही तर नाद सोडा आणि पानासकट स्कॅन करा, आम्ही असे सहा फोटो तसेच ठेवले.

स्कॅनर मिळाला तर 600 डीपीआयवर करा. साडेतीन बाय पाच इंची नेहमीचा प्रिंट असा स्कॅन केला की अल्बममध्ये दुप्पट मोठा करूनही स्वच्छ छापता येतो. फोनने काढायचे तर खिडकीशी, फ्लॅश बंद, फोन फोटोला अगदी समांतर. खरखरीत पोताच्या कागदावरचे जुने प्रिंट मात्र स्कॅनरवर चमकतात, ते फोननेच बरे येतात.

साल कसं लावायचं

आईला विचारून साल लावू नका, म्हणजे विचारा पण शेवटी. आमच्या आईने एकच फोटो दोन दिवसांत दोन वेगवेगळ्या गावांचा सांगितला. पुरावे फोटोतच असतात: भिंतीवरचं कॅलेंडर, मागची स्कूटर, लेकराचे पडलेले दात. कोपऱ्यात छापलेल्या नारिंगी तारखेवर विश्वास ठेवू नका, सेल बदलला की कॅमेऱ्यातली तारीख बिघडायची आणि ती नीट लावायचे कष्ट कोणी घेत नसे.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे निगेटिव्ह. पट्टीच्या कडेला 1, 1A, 2, 2A असे आकडे असतात, 36 पर्यंत. रोल महाग म्हणून एकच रोल कधी कधी सहा महिने चालायचा, आणि तो पट्टीवर क्रमाने उलगडतो. आमच्या एका रोलवर 9 नंबरला दिवाळी, 10 ला आई एकटी दारात, 11 ला एकदम धाकट्याचं बारसं. धाकटा फेब्रुवारीतला, म्हणजे दारातली आई दिवाळी आणि बारशाच्या मधली, भरत आलेल्या महिन्यांतली, आणि ढगळ साडीचं कारण मग कळलं. तो फोटो आम्ही इतकी वर्षं "कुठलातरी आईचा फोटो" म्हणून बघत होतो! निगेटिव्ह कडेने धरा, बोटाचा ठसा उमटला की सहजी निघत नाही.

412 चे 38

आता निवड. साल-दर-साल लावलं तर अल्बम म्हणजे वाढदिवसांची यादी होते, म्हणून कणा दुसरा घ्या. आमचे बाबा बँकेत, बदल्या ठरलेल्या, म्हणून आम्ही घरं घेतली: साताऱ्याची भाड्याची खोली, परभणी, सोलापूर, मग पुण्याचा फ्लॅट. चार घरं, चार भाग. तुमच्याकडे दुकान असेल, शेत असेल, दरवर्षीची एखादी वारी असेल तर तो कणा, पण तो त्या दोघांचा हवा, मुलांच्या शाळेचा नको.

मग फोटो जमिनीवर पसरा, खरंच जमिनीवर, स्क्रीनवर निवड होत नाही कारण दोन फोटो शेजारी दिसत नाहीत. एकसारख्या पाचांतला एक ठेवा. ठेवताना सगळ्यात चांगला दिसणारा उचलायचा मोह होतो पण आम्ही तो उचलला ज्यात हात काहीतरी करत होते. परभणीच्या अंगणात ओळीने उभे राहून काढलेला झकास फोटो गळला आणि त्याच रोलवरचा, थोडा हललेला, बाबा आईच्या हातातून बादली घेतायत (शेजारच्या काकूंनी काढलेला), तो राहिला. उन्हाळ्यात तिथे पाणी भरणं हाच त्यांचा संसार होता.

नंतर "कोणी काढला" ही चाळणी. बाबांनी काढलेले आईचे फोटो एका ढिगात, आईने काढलेले बाबांचे दुसऱ्यात. दुसरा ढीग छोटा, आमच्याकडे नऊच, आणि ओळखायची खूण म्हणजे क्षितिज वाकडं आणि बाबांचं डोकं वरून किंचित कापलेलं. आम्ही ते सरळ केले नाहीत. अल्बमच्या पानांवर डावीकडे बाबांनी पाहिलेली आई, उजवीकडे त्याच घरात आईने पाहिलेले बाबा, अशा पाच जोड्या लागल्या. बाकी जोड्या ओढूनताणून लावल्या नाहीत.

1991 ते 93 मध्ये फोटोच नाहीत. आजोबांचं आजारपण, पैशांची ओढाताण, रोल कोण घेणार. ही पोकळी भरायला दुसऱ्या वर्षाचे फोटो सरकवू नका, त्या दोघांना लगेच कळतं. आम्ही तिथे आईने माहेरी असताना बाबांना पाठवलेल्या आंतरदेशीय पत्राचा फक्त पत्त्याचा भाग छापला. आतला मजकूर नाही. पत्रं सापडली तर वाचायच्या आधी विचारा, सरप्राईज गेलं तरी चालेल.

ज्यांच्याशी आता बोलणं नाही असे नातेवाईक असलेल्या फोटोवर भावाशी माझं भांडण झालं. कापून टाकू म्हणाला. मी म्हटलं मग फोटोच नको, कापलेला हात खांद्यावर दिसतो. नको वरच ठरलं.

छापताना

अल्बममध्ये नव्याने छापलेले प्रिंट लावा, मूळ फोटो डब्यात. जुने रंगीत प्रिंट लालसर झालेले असतात कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. लॅबवाल्याला थोडा तोल साधायला सांगा पण चेहरे गोरे करू देऊ नका. त्याला हे स्पष्ट सांगावं लागतं.

आणि मराठी मजकूर! बऱ्याच लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये "लग्न" चा ग पाय मोडून वेगळा पडला होता. मजकूर टाइप करून देऊ नका, तयार पान पीडीएफ किंवा इमेज करून द्या आणि कागदावर प्रूफ बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आम्ही शेवटी फोटोखालच्या ओळी हातानेच लिहिल्या. ओळ छोटी ठेवा: गाव, साल, आणि फोटो कोणी काढला.

डबा

डब्यात मूळ फोटो, निगेटिव्ह, हळदीकुंकवाची बोटं लागलेली लग्नपत्रिका, पत्रं. रबरबँड, स्टेपल, सेलोटेप काही नको, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, डांबरगोळ्या टाकू नका. प्लास्टिकच्या पिशव्या घेताना वास घ्या, नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी, ते फोटोला चिकटतं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं. प्लास्टिकचा थर असलेल्या प्रिंटवर पेन्सिलही नीट उठत नाही, म्हणून फोटो कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहा, आणि ते आधी लिहा मग फोटो आत. हल्लीची तिकिटं, बिलं थर्मल कागदावर असतात, काही वर्षांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स ठेवा.

पावसाळ्यात पॅक करू नका, दमट हवा आत बंद होते आणि बुरशी धरते. आम्ही नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसात भरला, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, कपाटातला मधला कप्पा बरा.

डब्यात एक मऊ पेन्सिल आणि खोडरबर ठेवा आणि अल्बमच्या ओळीही पेन्सिलीनेच लिहा. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी आईने चष्मा लावून तीन ओळी खोडल्या, बादलीच्या फोटोखाली "काकूंनी काढला" होतं तिथे "काकूंच्या मुलीने" केलं, आणि बाबा म्हणाले ते परभणीचं अंगण नाहीच, तेव्हापासून वाद चालू आहे.