सगळे स्टेप चालू, तरी पॉवर फॅक्टर ०.८६?

रबाळेच्या आमच्या शॉपमध्ये कपॅसिटरचे स्टेप जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनलचे सगळे दिवे लागलेले, तरी पॉवर फॅक्टर ०.८६ च्या वर जाईना. कंट्रोलर फक्त कॉन्टॅक्टर ओढतो. पुढचा कपॅसिटर जिवंत आहे की नाही, हे साध्या कंट्रोलरना कळत नाही. म्हणून एकेक स्टेप मॅन्युअलवर चालू करून तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर लावा. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर कपॅसिटर ४१५ व्होल्टला साधारण ३१ अँपियर घेतो. आमच्याकडे एका स्टेपवर ३१, १८, १८ आले: डेल्टामधला एक सेल उघडा पडलेला. एका फेजवर शून्य आणि उरलेल्या दोन्हींवर २७ असेल, तर आधी फ्यूज बघा. हात लावण्यापूर्वी मात्र पुरवठा बंद करून पाच मिनिटं थांबा आणि टर्मिनलवर व्होल्टेज उरलं नाही ना, हे मीटरने तपासाच.